हॉट-स्वॅप कीबोर्डचे स्विच सोल्डरिंगशिवाय खरंच बदलता येतात का? त्यासाठी कोणती अवजारं घ्यावीत?

येतात. आमच्या घरात यावरून गेल्या दिवाळीपासून वाद चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा दादा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. ‘नुसतं खुपसलेलं टिकत नाही, डाख दिल्याशिवाय काँटॅक्ट पक्का होत नाही,’ हे त्याचं ठाम मत. माझ्या निळ्या स्विचची रात्रीची खटखट बायकोला असह्य झाली, म्हणून मी ब्राऊन बसवायला घेतले. केबल काढली. तारेच्या पुलरने कीकॅप उपटल्या. मग स्विच पुलरचे दोन दात स्विचच्या वरच्या आणि खालच्या कडेला (डाव्या-उजव्या नव्हे) अडकवले, दाबले आणि सरळ वर ओढले. तासाभरात सगळे बदलून झाले. केबल लावून पाहतो तर E उमटेना.

स्विच काढून पाहिला. एक तांब्याची पिन पार दुमडून बुडाला चिकटलेली. स्विच तिरका बसवला की हे हमखास होतं आणि वरून काहीच कळत नाही. चिमट्याने पिन सरळ केली. सॉकेट तपासायला केबल तशीच लावून चिमट्याची दोन टोकं सॉकेटच्या दोन भोकांत टेकवली, तर स्क्रीनवर e उमटला. म्हणजे बोर्ड ठणठणीत, दोष फक्त पिनेचा.

इथे मी स्विच बसवायला हवा होता. पण दादा म्हणाला, ‘आण इकडे,’ आणि अंगठ्याने दाबला. जाईना, तर आणखी जोरात दाबला. कट्ट. पुन्हा चिमटा टेकवला, आता e नाही.

सॉकेट बोर्डाच्या खालच्या बाजूला सोल्डर केलेलं असतं. दुमडलेली पिन वरून रेटली की ती सॉकेटलाच खाली ढकलते. केस उघडली तर सॉकेट एका बाजूने लोंबत होतं. नशीब, पॅड उखडला नव्हता. दादाने सोल्डरगन आणली, मिनिटभरात जोडून दिलं, आणि तेव्हापासून येईल त्याला सांगतो, ‘बघा, शेवटी सोल्डरिंग लागलंच!’

तर अवजारं: तारेचा कीकॅप पुलर (प्लॅस्टिकची रिंग घेऊ नका, कीकॅपच्या कडा खरवडते), स्विच पुलर आणि बारीक टोकाचा चिमटा. बसवण्याआधी प्रत्येक स्विचच्या पिना डोळ्यांसमोर धरून बघा. स्विच जात नसेल तर जोर लावू नका, बाहेर काढून पुन्हा बघा. पाच पायांचा स्विच तीन भोकांच्या बोर्डावर बसवायचा असेल तर प्लॅस्टिकचे दोन जादा पाय नेलकटरने उडवा. धातूच्या पिनांना हात लावू नका.

हो, राहिलंच: हे सगळं साध्या एमएक्स पद्धतीच्या स्विचबद्दल. ऑप्टिकल किंवा लो-प्रोफाइल स्विच या सॉकेटात चालत नाहीत, आणि तुमचा बोर्ड मुळात हॉट-स्वॅप नसेल तर दादाकडेच जावं लागेल. फक्त स्विच दाबायला त्याच्या हातात देऊ नका.