दहा जणांचा गट, बेदाण्याच्या पाकिटाला नाव हवंय: बैठक कशी घ्यावी?

प्रश्न: आम्ही तासगावकडचे दहा बेदाणा उत्पादक मिळून पाव किलोची पाकिटं काढणार आहोत. नाव ठरवायला बसलो की दोघं-तिघंच बोलतात आणि शेवटी वाद होतो. वेळ लावून नावं काढायची, गट पाडायचे, मतदान करायचं असं ऐकलंय. ते नेमकं कसं करायचं?

उत्तर: मी सांगलीत, विश्रामबागला पॅकेजिंगचं काम करतो. पाकीट डिझाइन करायच्या आधी नाव लागतं, त्यामुळे अशा बैठका मीच चालवतो. एका सकाळीत, चहा धरून साधारण तीन तासांत, दहा जणांकडून पाच-सहा चांगली नावं नक्की निघतात. मात्र त्या बैठकीतून एकच नाव काढायचा हट्ट धरू नका. त्याचं कारण शेवटी सांगतो.

सुरुवातीला दोन गोष्टी बोलून घ्या. अंतिम नाव कोण ठरवणार, हे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांसमोर सांगा. अध्यक्ष ठरवणार असतील तर तसं सांगा, तिघांची समिती असेल तर तसं. हे न सांगता मतदान घेतलं आणि नंतर वेगळंच नाव आलं, तर लोक पुन्हा बैठकीला येत नाहीत. दुसरं म्हणजे पाकीट कोण घेणार, ते एका वाक्यात फळ्यावर लिहा. ‘पुण्या-मुंबईत डब्याला सुकामेवा देणारी आई’ आणि ‘सांगलीहून गावाला जाताना भेट म्हणून नेणारा पाहुणा’ या दोन गिऱ्हाइकांसाठी नावं अगदी वेगळी निघतात.

आता फेऱ्या. तुमच्याकडे दोघं-तिघंच बोलतात, त्यावर सरळ उपाय म्हणजे नावं काढताना कुणीच बोलायचं नाही, सगळ्यांनी लिहायचं. हा काही नवा शोध नाही. १९५८ साली येल विद्यापीठात झालेल्या अभ्यासात एकत्र बसून बोलणाऱ्या गटापेक्षा तितक्याच माणसांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पना जास्त भरल्या. एक बोलत असताना बाकीचे थांबतात आणि थांबता थांबता स्वतःचं विसरतात. आपल्याकडे त्यात वडीलधाऱ्यांचा मान येतो. आबांनी एकदा ‘मला तर कृष्णामाईवरनं काहीतरी बरं वाटतंय’ म्हटलं की पुढची सगळी नावं नदीकाठानंच फिरतात.

पहिली फेरी सात मिनिटांची. प्रत्येकाला ए-फोर कागदाचे आठ-आठ तुकडे द्या. एका तुकड्यावर एकच नाव, स्केच पेननं, लांबून वाचता येईल असं. या फेरीत सगळ्यांना तीच ती नावं सुचतात: गावाचं, देवाचं, ‘गोल्ड’ लावलेलं. येऊ द्यात. ती डोक्यातून कागदावर उतरली की पुढची जागा मोकळी होते.

दुसऱ्या फेरीला विषय द्या. ‘शेडमध्ये उभे आहात, काय दिसतंय, कशाचा वास येतोय, हाताला काय लागतंय?’ तीन मिनिटं फक्त शब्द लिहायचे, नावं नाहीत. घड, मणी, देठ, जाळी, ऊन, रॅक, चाळण, प्रतवारी असे शब्द यायला लागतात. मग पाच मिनिटं त्या शब्दांतून नावं. प्रतवारी करणाऱ्या बायकांना बैठकीला बोलवा, असं मी आग्रहानं सांगतो. माल दिवसभर त्यांच्या हातात असतो, त्यामुळे त्यांच्याकडे शब्द जास्त असतात.

तिसरी फेरी सगळ्यात जास्त माल देते. जर्मनीतल्या बेर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे: सहा माणसं, तीन कल्पना, पाच मिनिटं. तुम्ही दहा आहात, म्हणून पाच-पाचचे दोन गट करा. प्रत्येकानं आपल्या कागदावर पाच मिनिटांत तीन नावं लिहायची आणि कागद उजवीकडच्याला द्यायचा. त्यानं आधीची नावं वाचून त्यांच्यावरून नवी तीन लिहायची. पाच पाळ्या, पंचवीस मिनिटं. हिशोबानं दीडशे नावं होतात. प्रत्यक्षात काही रकाने रिकामे राहतात, काही नावं पुन्हा येतात, पण शंभरच्या आसपास ऐवज हातात येतो. तिसऱ्या पाळीला सगळे अडतात, पेनं थांबतात, कुणीतरी ‘झालं की आता’ म्हणतं. तिथे वेळ कमी करू नका. पहिल्या दोन पाळ्यांत ओळखीचं संपलेलं असतं आणि दुसऱ्याच्या शब्दाला आपला शब्द जोडायचं काम तिथूनच सुरू होतं.

एका गटात हे माझ्यासमोर घडलं. एकानं ‘मणी’ एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्यानं ‘सोनमणी’ केलं, तिसऱ्यानं ‘उन्हमणी’, आणि पुढे कागद प्रतवारी करणाऱ्या एका ताईंकडे गेला तेव्हा त्यांनी ‘मधमणी’ लिहिलं. बोलून चाललेल्या बैठकीत पहिलं ‘मणी’ ‘लईच साधं हाय’ म्हणून तिथेच पडलं असतं. म्हणूनच या तिन्ही फेऱ्यांत ‘चांगलं’ किंवा ‘चालणार नाही’ हे शब्द उच्चारायचे नाहीत.

आता चहा. त्या वेळात तिसऱ्या फेरीतली नावं तुकड्यांवर उतरवून घ्या आणि सगळे तुकडे भिंतीवर किंवा सतरंजीवर पसरा. मग नावांचे गट पाडायचे, तेही न बोलता. जपानच्या जिरो कावाकिता यांच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत अशीच चालते: आधी मथळे ठरवायचे नाहीत, एकमेकांजवळची वाटणारी चिठ्ठी शेजारी सरकवायची, कुणी पुन्हा हलवली तर हलवू द्यायची. एकच चिठ्ठी दोघं सारखी इकडून तिकडे नेत असतील, तर तिची नक्कल करून दोन्हीकडे ठेवा. कुठेच न बसणारी चिठ्ठी एकटी राहू द्या. हलवाहलव थांबली की मगच तोंड उघडायचं आणि प्रत्येक ढिगाला मथळा द्यायचा. मथळा नावाचं काम सांगणारा असावा. ‘नद्या’ नको, ‘कुठून आलं ते सांगणारी’ हवा. ‘दागिने’ नको, ‘मणी कसा दिसतो ते सांगणारी’ हवा.

एकच नाव चौघांनी लिहिलं असेल तर ती चार मतं धरू नका. चौघांना पटकन सुचलेलं नाव बाजारात आणखी कुणाला तरी आधीच सुचलेलं असण्याचा संभव जास्त.

मतदानाला टिकल्यांचं पाकीट आणा. स्वस्त पडतं, चिकटतं आणि लांबून दिसतं. पण सरळ सगळ्या नावांवर टिकल्या लावायला सांगितलं तर निकाल फसवा येतो. वर सांगितलेल्या त्याच गटाचे आकडे बघा. दहा जण, प्रत्येकी तीन टिकल्या, एकूण तीस. ‘मणी’वाल्या ढिगात सहा नावं होती, त्यांना मिळून चौदा टिकल्या पडल्या, पण वाटणी झाली तीन, तीन, दोन, दोन, दोन, दोन. ‘कृष्णाई’ नदीच्या ढिगातलं एकच नाव शिल्लक होतं, त्याला पाच. उरलेल्या अकरा इकडे-तिकडे विखुरल्या, कुठेही तीनच्या वर गेल्या नाहीत. नुसतं मोजलं तर ‘कृष्णाई’ पहिलं. पण जवळजवळ निम्म्या टिकल्या ‘मणी’च्या ढिगात होत्या, सारखी नावं एकमेकांची मतं खात होती.

म्हणून मत दोनदा घ्या. आधी ढिगांवर: प्रत्येकाला दोन टिकल्या, ढिगाच्या मथळ्यावर लावायच्या. वरचे तीन ढीग ठेवा. मग प्रत्येक ढिगाच्या आत तीन-तीन टिकल्या, एका नावावर एकच. त्या गटात दुसऱ्या मतदानाला ‘मधमणी’ आणि ‘उन्हमणी’ स्पष्ट वर आली, ‘कृष्णाई’ही आपल्या ढिगातून यादीत राहिलं. कुणाचं नाव डावललं गेलं अशी तक्रार झाली नाही.

टिकली लावण्याआधी प्रत्येकानं आपली पसंती चिठ्ठीवर लिहायची, मगच उठायचं. नाहीतर पहिल्या तिघांनी जिथे लावली तिथेच बाकीचे लावतात. अध्यक्षांनी शेवटी लावायची. हे त्यांना आधी एकटं गाठून सांगा, सगळ्यांसमोर सांगू नका.

यादी पाच-सहावर आली की एकच प्रश्न विचारा: ‘यातलं कुठलं नाव असेल तर तुम्ही पाकीट विकायला उभे राहणार नाही?’ हरकत घेणाऱ्यानं कारण सांगायचं. ‘आवडत नाही’ हे कारण नाही. ‘आमच्या भागात याच नावाचं दुकान आहे’ हे कारण आहे.

आता एकच नाव का नको, ते. बैठक संपल्यावर तपासणीत यादीतली दोन-तीन नावं गळतातच. पहिली तपासणी फोनवर. ट्रान्सपोर्टवाल्याला किंवा पुण्यातल्या नातेवाइकाला नाव एकदाच सांगा आणि त्याला इंग्रजी अक्षरांत टाइप करून पाठवायला सांगा. ‘मधमणी’चं Madhmani, Madmani, Madhumani असं तिघांकडून तीन तऱ्हेनं आलं, तर गिऱ्हाइकाला शोधताना तोच त्रास होणार. दुसरी तपासणी आयपी इंडिया या सरकारी वेबसाइटच्या ट्रेडमार्क सर्चवर. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेले असतात, बेदाणा वर्ग २९ मध्ये येतो. तिथे नुसता शब्द शोधू नका, फोनेटिक सर्चही करा, कारण सारख्या उच्चाराच्या नावावरही हरकत येते. वर्ग ३० आणि ३१ मध्येही नजर टाका.

गावाच्या नावाबद्दल वाद झाला तर कायदाच पुढे करा. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ९ नुसार फक्त मालाचं ठिकाण किंवा गुण सांगणारा शब्द साधारणपणे नोंदवता येत नाही. ‘तासगाव बेदाणा’ हे नाव तुम्ही एकट्यानं अडवून ठेवू शकत नाही. त्यातून सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. ते इथल्या सगळ्या उत्पादकांचं आहे आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली की तो उल्लेख तुम्हालाही पाकिटावर करता येतो. म्हणजे ब्रँडच्या नावातून गाव गेलं तरी पाकिटावरून जात नाही. हे कळलं की गावाच्या नावासाठी अडून बसलेले लोक बहुतेक वेळा ऐकतात.

तपासणीला आठवडा द्या. त्यातून टिकलेली दोन-तीन नावं पाकिटाच्या साध्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर छापा आणि पहिल्या पाच मिनिटांत ज्यांना निर्णय दिला होता त्यांच्यापुढे ठेवा. आमच्याकडे ‘उन्हमणी’ त्याच टप्प्यावर ठरलं. ‘मधमणी’सारखं एक नाव वर्ग २९ मध्ये आधीच होतं.