भिंतच नसलेला जंतू आणि पेनिसिलिन

प्रश्न: माझा भाऊ २१ वर्षांचा, सोलापुरात हॉस्टेलवर राहतो. न्यूमोनिया म्हणून पाच दिवस अमॉक्सिसिलिन घेतलं, ताप उतरला नाही. आता डॉक्सीसायक्लिन दिलंय. पहिलं औषध का चाललं नाही? आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन का नाही दिलं?

मी सोलापुरातच फिजिशियन आहे. अशीच एक मुलगी गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आली होती. आठ दिवसांचा ताप, कोरडा खोकला, तरीही स्वतः जिना चढून आलेली. तिच्या खोलीतली मैत्रीण तीन आठवड्यांपूर्वी असंच खोकत होती. एक्स-रेत उजवीकडे खाली पुसट डाग, पांढऱ्या पेशी नॉर्मल. लॅबवाल्याने फ्रिजमधून काढलेली रक्ताची नळी दाखवली, तर काचेवर रक्ताचे कण चिकटलेले. तळहातात धरून थोडी ऊब दिली की ते विरघळायचे. मायकोप्लाझ्मा या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूच्या संसर्गात कधी कधी अशी, थंडीत रक्तपेशींना एकमेकींना चिकटवणारी, प्रतिपिंडं तयार होतात. प्रत्येकात दिसत नाहीत, पण तिच्यात दिसली आणि माझा संशय पक्का झाला.

पेनिसिलिन गटातली औषधं जंतूची पेशीभित्ती बांधू देत नाहीत. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तीच नाही, मग तिथे औषध काय तोडणार? डोस वाढवून किंवा भारी सेफालोस्पोरिनचं इंजेक्शन देऊनही फरक पडत नाही. लिजिओनेला या न्यूमोनिया करणाऱ्या दुसऱ्या जंतूची गोष्ट वेगळी: त्याला भिंत आहे, पण तो आपल्याच पेशींच्या आत लपतो आणि ही औषधं तिथे पुरेशी पोचत नाहीत. तरी आधीच्या डॉक्टरांना दोष देऊ नका. न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या नेहमीच्या जंतूसाठी अमॉक्सिसिलिन चांगलंच औषध आहे आणि पहिल्या दिवशी तो आणि मायकोप्लाझ्मा यांत फरक करणं अवघड असतं.

डॉक्सी आणि अ‍ॅझिथ्रो दोन्ही जंतूचा प्रथिनं बनवणारा कारखाना, म्हणजे रायबोसोम, बंद पाडतात, पण वेगवेगळ्या जागी. अ‍ॅझिथ्रो जिथे चिकटतं तिथला एक बदल जंतूला त्याच्यापासून वाचवतो. चीन आणि जपानमध्ये असे जंतू भरपूर सापडले आहेत. डॉक्सीची जागा त्या बदलाने बिघडत नाही. म्हणून तरुण माणसात मीही डॉक्सीच आधी देतो, साधारण १०० मिग्रॅ दोन वेळा, सात दिवस. गरोदर बाईला मात्र अ‍ॅझिथ्रोच. हृदयाची लय बिघडण्याचा त्रास असेल तर अ‍ॅझिथ्रो जपून.

भावाला सांगा: गोळी पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, उभं किंवा बसून घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. दूध, अँटासिड, लोहाच्या गोळ्या दोन-तीन तास लांब ठेवायच्या. आपल्याकडचं ऊन माहीतच आहे. डॉक्सीवर कातडी लवकर भाजते, दुपारी बाहेर पडताना पूर्ण बाह्या हव्यात.

ताप दोन-तीन दिवसांत उतरायला हवा. खोकला मात्र कित्येक आठवडे रेंगाळतो, त्यासाठी औषध वाढवू नका. ताप उतरलाच नाही, किंवा खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर थुंकीची टीबीची तपासणी करून घ्याच. धाप लागली किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.