‘सायन्स घेऊन ठेव’ म्हणण्याआधी

प्रश्न : मुलीला दहावीला ८६ टक्के मिळाले. तिला मानसशास्त्र शिकायचंय, तिच्या बाबांना इंजिनिअरिंग हवंय. ‘सध्या सायन्स घेऊन ठेव, पुढे सगळे रस्ते मोकळे राहतात,’ असं सगळे म्हणतात. तसं करावं का?

रस्ते मोकळे राहतात ते बारावीचे गुण टिकले तर. त्यामुळे आधी टक्के बाजूला ठेवून गुणपत्रिका विषयवार बघा.

अशाच एका मुलीचे गुण होते मराठी ९१, हिंदी ८८, इंग्रजी ८६, सामाजिक शास्त्रे ९३, गणित ७२ आणि विज्ञान ७०. राज्य मंडळ सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरतं. म्हणजे तिच्या ८६ टक्क्यांत विज्ञान नव्हतंच! शिवाय गणित आणि विज्ञान या दोन्ही विषयांत प्रत्येकी २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि ते सहसा भरभरून मिळतात. ते वजा केले की लेखी परीक्षेत ८० पैकी पन्नाशीच्या आसपास उरले. राज्याच्या सीईटीत इंजिनिअरिंगसाठी २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात. हे आकडे कागदावर मांडल्यावर वडील बराच वेळ ते बघत राहिले.

तरीही केवळ गुणांवर निकाल देऊ नये, कारण कच्चा पाया आणि नावड या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून तिला बालभारतीच्या अकरावीच्या पुस्तकांतून गणितातली त्रिकोणमिती आणि भौतिकशास्त्रातली प्रतलातील गती दोन आठवडे करायला दिली, रोज तासभर. किती उदाहरणं बरोबर आली हे फारसं महत्त्वाचं नव्हतं. अडलेलं उदाहरण ती दुसऱ्या दिवशी स्वतःहून पुन्हा हातात घेते का, एवढंच बघायचं होतं. गणितात घेत होती. भौतिकशास्त्राची वही मात्र चौथ्या दिवशीच थांबली.

सायन्स रेटलं असतं तर बारावीला कमी गुण पडण्याचा धोका होता. मग बारावीच्या गुणांवर प्रवेश देणाऱ्या कॉलेजात बीएसाठी अर्ज करताना, आर्ट्समध्ये मन लावून शिकलेल्यांशी ती त्याच कमी गुणांवर स्पर्धा करणार.

वडिलांची खरी काळजी नोकरीची होती. तिथे गोड बोलून चालत नाही. नुसत्या बीएवर समुपदेशक होता येत नाही. पदवी आणि एमए धरून साधारण पाच वर्षं लागतात, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. मानसशास्त्राच्या संशोधनात संख्याशास्त्र लागतं, म्हणून गणित सोडायचं नाही असं ठरलं. आर्ट्समध्येही गणित घेता येतं, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

तिने आर्ट्स घेतलं. विषय मानसशास्त्र, अर्थशास्त्र आणि गणित.

इथे एक अडचण हमखास येते. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात आर्ट्सला मानसशास्त्र किंवा गणित असतंच असं नाही आणि हे दोन्ही एकत्र तर थोड्याच ठिकाणी मिळतात. केंद्रीय प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, की ते घेणं भाग पडतं. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारा, ही विषयांची जोडी यंदा प्रत्यक्ष शिकवली जाणार आहे का.