तीन ‘असतं’ आणि एक ‘वुड’

“ऑफिसच्या मेलमध्ये मी लिहिलं, ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कॉल्ड यू.’ मॅनेजर म्हणाले, पहिल्या भागात ‘वुड’ चालत नाही. पण आमची अमेरिकन क्लायंट कॉलवर सर्रास असंच बोलते. मग बरोबर काय?”

मॅनेजरचं बरोबर आहे, आणि तुमच्या कानांनीही काही चुकीचं ऐकलेलं नाही. मेल, अर्ज, अहवाल, परीक्षा असं काहीही लिहायचं असेल तर ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कॉल्ड यू’ एवढंच लिहा. अमेरिकेत बोलताना ‘इफ आय वुड हॅव नोन’ खूप ऐकू येतं, चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडीसुद्धा. पण तिथलाही संपादक छापायला देण्याआधी ते ‘हॅड नोन’ करूनच पुढे पाठवतो.

नियम थर्ड कंडिशनलच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल: ‘इफ’च्या भागात पास्ट परफेक्ट, निकालाच्या भागात ‘वुड हॅव’. मराठीतून इंग्रजीत आलेले मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम आहे आणि हा नियम पाठ असलेली माणसंसुद्धा इथेच अडखळलेली मी पाहते. माझ्या मते त्याचं कारण इंग्रजी कच्चं असणं हे नाही. मराठी पक्की असते, म्हणून ही चूक होते.

तुमचंच वाक्य मराठीत म्हणून पाहा. ‘मला माहीत असतं तर मी तुम्हाला फोन केला असता.’ ‘तर’च्या अलीकडे ‘असतं’, पलीकडे ‘असता’. लिंग-वचनाप्रमाणे शेवट बदलला तरी रूप एकच, आपल्या व्याकरणातलं संकेतार्थाचं. अट आणि तिचं फळ दोन्ही घडलेलं नाही, म्हणून दोघांना एकच खूण लावायची, अशी मराठीची सरळ पद्धत आहे. हिंदीही तेच करते: ‘पता होता तो फोन करता’. अशा भाषेत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात ‘असतं म्हणजे वुड हॅव’ असं एकदा बसलं की तो दोन्हीकडे ‘वुड हॅव’ टाकणारच.

इंग्रजीची पद्धत वेगळी आहे. ‘इफ’च्या भागात ती न घडलेपणासाठी नवा शब्द आणत नाही, फक्त क्रियापदाला काळात एक पायरी मागे ढकलते. आत्ताची कल्पना करायची असेल तर ‘आय नो’चं ‘आय न्यू’ होतं. कालची कल्पना करायची असेल तर ‘आय न्यू’चं ‘आय हॅड नोन’ होतं. मागे सरकणं हीच खूण झाली, म्हणून तिथे ‘वुड’ला काही काम उरत नाही. ‘वुड’ बसतं ते फळाच्या बाजूला.

ही पायरी मराठीत दिसत नाही, आणि खरी गोची तिथे आहे. घरात कोणी विचारलं, ‘चावी कुठे आहे?’ तर मी वैतागून म्हणते, ‘मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का?’ ही गोष्ट आत्ताची आहे. इंग्रजीत ती ‘इफ आय न्यू, आय वुड टेल यू’ होईल. पण गेल्या आठवड्यातल्या चुकामुकीबद्दल बोलताना मी म्हणते, ‘अगं, त्या दिवशी मला माहीत असतं तर सांगितलं असतं.’ शब्द जवळजवळ तेच, पण इंग्रजीत आता ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू’. मराठीत ‘आत्ता’ की ‘तेव्हा’ हे संदर्भावरून कळतं. इंग्रजीत ते क्रियापदातच सांगावं लागतं. म्हणून भाषांतर करताना ‘असतं’चा प्रतिशब्द शोधू नये. आधी वाक्यात मनातल्या मनात ‘आत्ता’ किंवा ‘तेव्हा’ घालून पाहावं, मग रूप निवडावं.

परवाच माझ्याकडे आलेल्या एका मेलचा कच्चा खर्डा असा होता: ‘मीटिंग अकराऐवजी दहाला होणार हे मला आधी कळलं असतं, तर मी घरून लवकर निघाले असते आणि आत्ता हे मेल लिहावं लागलं नसतं.’ मराठी झकास आहे, एकाच वाक्यात तीन ‘असतं’. लिहिणारीने इंग्रजी करताना तिन्ही ठिकाणी ‘वुड हॅव’ टाकलं होतं. आता एकेक उचलू. ‘कळलं असतं’ ही अट आहे आणि ती कालची, म्हणून ‘इफ आय हॅड नोन’. ‘निघाले असते’ हे फळ, तेही कालचंच, म्हणून ‘आय वुड हॅव लेफ्ट’. ‘लिहावं लागलं नसतं’ हेही फळ, पण आत्ताचं, कारण मेल ती या क्षणी लिहितेय. तिथे ‘वुडन्ट हॅव’ नको, नुसतं ‘वुडन्ट’ हवं. अख्खं वाक्य असं झालं: ‘इफ आय हॅड नोन अर्लियर, आय वुड हॅव लेफ्ट होम सूनर, अँड आय वुडन्ट बी रायटिंग धिस मेल नाऊ.’ मराठीतल्या एका रूपाला इंग्रजीत तीन रूपं लागली. ‘वुड हॅव’ त्यातल्या एकाच जागी बसलं.

मग तुमच्या क्लायंटचं काय? तिची मराठी पक्की असण्याचा संभव नाही. पण दोन्ही बाजूंना एकच रूप ठेवण्याची ओढ फक्त आपल्याला आहे असं नाही. फ्रेंच मुलंही ‘सी’च्या, म्हणजे ‘जर’च्या भागात फळाच्या बाजूचं रूप घुसवतात, आणि ‘सी’ला ‘रे’ आवडत नाही असं तिथल्या शाळेत घोकवलं जातं. ‘रे’ हा त्या रूपाचा शेवट. इतकंच काय, जुन्या इंग्रजीतही दोन्हीकडे एकच रूप चालायचं, फक्त ते ‘हॅड’चं असायचं. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये लाजरसची बहीण येशूला म्हणते, ‘इफ दाउ हॅडस्ट बीन हिअर, माय ब्रदर हॅड नॉट डाइड.’ म्हणजे तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. दोन्हीकडे ‘हॅड’, अगदी आपल्या ‘असतास’ आणि ‘नसता’सारखं तोलून. पुढे फळाच्या बाजूचं ‘हॅड’ मागे पडलं आणि तिथे ‘वुड हॅव’ आलं. अटीच्या बाजूला ‘हॅड’ टिकलं. आजच्या भाषांतरांत हेच वाक्य ‘वुड नॉट हॅव डाइड’ असं वाचायला मिळतं. तुमची क्लायंट तराजू पुन्हा समतोल करतेय, फक्त या वेळी दोन्ही पारड्यांत ‘वुड’ टाकून. उद्या हेच प्रमाण ठरणार नाही असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण आज ते प्रमाण नाही.

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट म्हणजे अपॉस्ट्रॉफीनंतरचा तो छोटा ‘डी’. ‘आयड’ हे ‘आय हॅड’चंही संक्षिप्त रूप आहे आणि ‘आय वुड’चंही. कोणी भरभर ‘इफ आयड नोन’ म्हणालं की आपण तो ‘डी’ उलगडून ‘वुड’ करतो, आणि ‘वुड नोन’ कानाला बरं वाटत नाही म्हणून मध्ये एक ‘हॅव’ आपणच घालतो. ओळखायची खूण सोपी आहे. ‘डी’नंतर थेट तिसरं रूप आलं, म्हणजे नोन, गॉन, सीन, तर तो ‘हॅड’. साधं रूप किंवा ‘हॅव’ आलं तर बहुतेक वेळा ‘वुड’. ‘बहुतेक’ म्हणायचं कारण असं की ‘इफ आयड हॅव नोन’ ब्रिटनमध्येही बोलण्यात ऐकू येतं, आणि त्यातला ‘डी’ वुडचा की हॅडचा यावर जाणकारही वाद घालतात. बोलण्यात हे खपून जातं. कागदावर मात्र त्यातलं ‘हॅव’ काढून टाकावं.

आता उलट बाजू, कारण ‘इफच्या पुढे वुड कधीच नाही’ असा फळ्यावर लिहिलेला नियम काही जण डोळे मिटून लावतात. ‘शी आस्क्ड इफ आय वुड हॅव कम’ हे वाक्य निर्दोष आहे. इथला ‘इफ’ अटीचा नाहीच. मराठीत सांगून पाहा: ‘मी आले असते का, असं तिने विचारलं.’ ‘इफ’चं मराठी ‘तर’ होत असेल तर शेजारी ‘वुड’ नको, ‘का’ होत असेल तर खुशाल ठेवा. ही ‘तर की का’ची चाचणी मी रोज वापरते आणि तिने मला सहसा दगा दिलेला नाही. जिथे ती अपुरी पडते ती जागा विनंतीची: ‘इफ यू वुड वेट अ मिनिट’, म्हणजे जरा थांबाल तर बरं. इथे ‘वुड’चा अर्थ ‘तयार असणं’ असा आहे, म्हणून ते अटीतही शोभतं. याच धाग्याला धरून ‘इफ यू वुड हॅव लिसन्ड टू मी’, म्हणजे तू ऐकून घ्यायला तयार असतास तर, याचंही समर्थन काही जण करतात. पण माहीत असणं हे काही आपल्या तयारीवर नसतं, त्यामुळे तुमच्या वाक्याला ही पळवाट मिळत नाही.

तरीही शंका उरली तर ‘इफ’ काढून वाक्य उलटं करून पाहा. ‘हॅड आय नोन, आय वुड हॅव कॉल्ड यू’ हे जरा भारदस्त, पण अस्सल इंग्रजी आहे. ‘वुड आय हॅव नोन’ म्हटलं की त्याचा लगेच प्रश्न होतो, मला कळलं असतं का? अटीचा अर्थ त्यात राहतच नाही. मेलमध्ये माफी मागायची असेल तर मला ‘हॅड आय नोन’ थोडं कोर्टातल्या अर्जासारखं वाटतं, पण तपासायला ते उत्तम.

‘आय विश आय वुड हॅव नोन’ हेही याच घरातलं भावंड. तिथेही ‘आय विश आय हॅड नोन’ करा.

कॉलवर क्लायंटला दुरुस्त करायला जाऊ नका, ती तिची बोली आहे. पण कॉलनंतर बैठकीचं टिपण तुम्ही पाठवणार असाल आणि तिचं वाक्य तिच्या नावावर टाकायचं असेल, तर तेवढा ‘वुड हॅव’ गुपचूप ‘हॅड’ करून टाका. तिला पत्ताही लागणार नाही.