बायकोच्या शनिवारांवर मी दोन वर्षं फुगत होतो

प्रश्न: लग्नाला चार वर्षं झाली, आम्ही बडोद्यात राहतो. महिन्यातले दोन शनिवार मैत्रिणींबरोबर आणि रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास एकटीने चित्र काढत बसणं, एवढंच माझं स्वतःचं आहे. नवरा भांडत नाही, पण फुगतो, टोमणे मारतो. सगळं सोडून दिलं तर घरात शांतता येईल का?

उत्तर:

नाही येणार. मी हे तुमच्या नवऱ्याच्या बाजूने सांगतोय, कारण फुगणारा मी होतो.

माझं गाव सातारा. २००९ साली नोकरीसाठी बडोद्याला आलो आणि इथल्याच मुलीशी लग्न झालं. तिचं माहेर दांडिया बाजारात, शाळा इथली, कॉलेज इथलं. रस्त्याने चाललो तरी दर दोनशे पावलांवर कोणीतरी तिला थांबवायचं. तिचा चार-पाच जणींचा ग्रुप शनिवारी दुपारी कमाटीबागेत स्केचिंगला जमायचा. वडाखाली नाहीतर म्युझियमच्या बाजूला बसायच्या, मग कोणाच्या तरी घरी चहा, मग गप्पा. ती घरी यायची तेव्हा नऊ-साडेनऊ झालेले असायचे.

मी काय करायचो ते सांगतो, कारण तुम्हाला ते ओळखीचं वाटेल. सातला पहिला फोन, "कुठे आहेस?" आठला दुसरा, "जेवायला थांबू का?" तिने दुपारीच वरण-भात करून ठेवलेला असायचा, तरी मी जेवायचो नाही. ती आली की ताटावरचं झाकण जरा जोरात काढायचो आणि म्हणायचो, "आलीस? मला वाटलं आज मुक्काम तिकडेच." तिच्या बोटांना कोळशाची काळी पूड असायची. ती हात न धुताच गॅस पेटवायची आणि जेवण गरम करायला लागायची. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. भांडण असं नाहीच, पण रविवार दुपारपर्यंत घरात कोणी धड बोलायचं नाही.

मग ती लपवायला लागली. साडेसातला अजून तिथेच असली तरी सांगायची "आत्ताच निघतेय", उशीर झाला की "ट्रॅफिक होतं". मला ते कळायचं. कळलं की मी आणखी खोदून विचारायचो आणि ती आणखी कमी सांगायची. जोडप्यांवर संशोधन करणारे याला मागणी आणि माघार यांची साखळी म्हणतात. मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू ख्रिस्टेन्सन यांनी १९९० च्या सुमारास यावर बरंच काम केलं. गंमत अशी की दोघांनाही आपण फक्त प्रत्युत्तर देतोय असंच वाटतं. मला वाटायचं ती लपवते म्हणून मी विचारतो. तिला वाटायचं मी खोदतो म्हणून ती लपवते. सुरुवात कोणी केली हे शोधत बसण्यात आमचं एक अख्खं वर्ष गेलं. त्यातून काहीही निघालं नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. एका दिवाळीनंतर तिने खरोखरच जाणं बंद केलं. दोन महिने शनिवारी घरी. पहिले दोन आठवडे मी खूश होतो. तिसऱ्या आठवड्यात ती आईशी फोनवर वीस मिनिटं बोलली तर मला राग आला. मग ती संध्याकाळी गच्चीवर चहा घेऊन एकटी बसायची, त्यावर आला. एका रात्री ती पुस्तक वाचत होती आणि मी म्हणालो, "पुस्तकच बघत बसायचं होतं तर घरी राहून काय उपयोग?" हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला स्वतःलाच कसंतरी झालं. राग शनिवारचा नव्हताच. शनिवार काढून घेतला तर तो शेजारच्या गोष्टीवर जाऊन बसला.

म्हणून सोडू नका म्हणतो. तुम्ही चित्र काढणं बंद कराल आणि तीन महिन्यांनी नवीनच कशावर तरी फुगणं सुरू होईल. तोवर तुमच्या मनातही अढी बसलेली असेल, ते वेगळंच.

मग राग कशाचा होता? तिचे शनिवार परत सुरू झाल्यावर आम्ही एक साधा उद्योग केला, तिच्याच सांगण्यावरून. फ्रीजवर एक कागद लावला आणि चौदा दिवस तीन रकाने भरले: तिचा स्वतःचा वेळ, माझा स्वतःचा वेळ, आणि दोघांचा वेळ. दोघांचा म्हणजे फोन बाजूला ठेवून, किराणा आणि बिलं सोडून. माझी खात्री होती की ती "सारखी बाहेर असते". चौदा संध्याकाळींपैकी ती बाहेर होती तीन. गच्ची धरून तिच्या रकान्यात दोन आठवड्यांचे अकरा तास आले. माझ्या रकान्यात मी दोन तास लिहिले. त्यावर तिने शांतपणे विचारलं, "आणि रोज रात्री सोफ्यावर मोबाइल घेऊन पडतोस ते कोणाच्या खात्यात धरायचं?" ते धरल्यावर माझे बावीस झाले. तिचे अकरा तास मात्र स्वयंपाक आधी उरकून, डबे भरून, कसेबसे काढलेले होते. आपल्या देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७, असं आलं होतं. आमचा कागद काही वेगळं सांगत नव्हता.

पण खरा धक्का तिसऱ्या रकान्याचा होता. चौदा दिवसांत दोघांचे मिळून तीन तास, आणि त्यातला एक लग्नाच्या पंगतीतला. तिचा वेळ जास्त नव्हता, आमचा जवळजवळ नव्हताच. तिच्या मैत्रिणींना तिचं हसणं, नवीन गोष्टी, दुपारचा ताजेपणा मिळायचा. मला मिळायची रात्री साडेनऊची दमलेली बायको, आणि तीही माझ्या तोंडाकडे बघून धास्तावलेली. ती धास्ती माझीच करणी होती, हे कळायला वेळ लागला.

तुमच्या घरीही असा कागद लावून बघा. एकच काळजी घ्या: तो पुरावा म्हणून वापरायचा नाही. "बघ, तुझे बावीस" असं म्हणालात की संपलं. माझ्या बायकोने तो प्रश्न एकदाच विचारला आणि गप्प बसली, म्हणून माझ्या डोक्यात शिरला.

त्यानंतर तिचा शनिवार एका तासानेही कमी झाला नाही. बदलल्या त्या आजूबाजूच्या गोष्टी. "येते थोड्या वेळात" बंद झालं, त्याजागी "नऊला" असा आकडा आला. उशीर होणार असेल तर तिने साडेआठलाच मेसेज टाकायचा आणि मी फोन करायचा नाही. वाट बघणाऱ्याला तासांपेक्षा अनिश्चितपणा जास्त छळतो, हे मी स्वतःवरून सांगतो. नऊ म्हणजे नऊ असं ठरल्यावर मी सातला निवांत जेवायला लागलो. (पहिल्या महिन्यात दोनदा तरीही फोन केला. तिने उचलला नाही. बरं केलं.) आणि ती आल्यावर गॅसपाशी धावणं बंद. आधी हात धुणं, मग अर्धा तास बसणं. चहा मी करतो. वही दाखवायची की नाही ते ती ठरवते.

रविवारी सकाळी आठ ते दहा आमचे. हे बोलणं मात्र कधी काढायचं ते महत्त्वाचं आहे. ती दारात चपला घालताना काढलेला विषय हमखास फिसकटायचा. तिने तो एका मंगळवारी, जेवणं झाल्यावर काढला होता, साधारण अशा शब्दांत: "शनिवारी मी जाणार आहे, ते बदलणार नाही. पण रविवारी सकाळ फक्त आपली ठेवू या. आणि मी गेल्यावर तुला नेमकं काय टोचतं ते सांग, मी मधे बोलणार नाही." परवानगी मागितली नाही, माफीही मागितली नाही. मी दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोललो आणि मग तोंडून निघालं की या गावात मला नावाने हाक मारणारी तू एकटीच आहेस.

तिच्या एकटेपणाचं कोडं मला सगळ्यात उशिरा सुटलं. मैत्रिणींकडे जाते हे समजू शकायचो, पण कोणीच नसताना गच्चीवर बसते म्हणजे ती माझ्यापासूनच पळते, असं वाटायचं. ती म्हणाली, "तू घरात असलास की माझा अर्धा कान तुझ्याकडे असतो. तू हाक मारशील, तुला काही हवं असेल. गच्चीवर दोन्ही कान माझे असतात." हे कोणी आधी सांगितलं असतं तर! तुमचा नवराही कदाचित मैत्रिणींपेक्षा त्या रोजच्या अर्ध्या तासावरच जास्त कुढत असेल.

माझ्या बाजूचं काम मला करावं लागलं. आधी मी तिच्याच ग्रुपमध्ये जाऊन बघितलं, ते फसलं. सगळ्या एकदम जपून बोलायला लागल्या आणि मी बाकावर पॉपकॉर्न खात बसलो. मग ऑफिसातल्या दोघांबरोबर गुरुवारी पहाटे आजवा रोडला सायकल काढायला लागलो. येताना सेव-उसळ. पहिले तीन गुरुवार काहीतरी कारण काढून टाळले, जमायला चार महिने लागले. पण एकदा मीच उशिरा आलो आणि ती दारात "किती वाजले?" म्हणाली, तेव्हा दोघंही हसलो.

हे सगळं फुगणाऱ्या नवऱ्याबद्दल झालं. रोखणाऱ्या नवऱ्याची गोष्ट वेगळी. वेळ ठरवून पाळलीत, रविवार दिलात, त्याचं ऐकून घेतलंत आणि तरी तीन-चार महिन्यांत त्याची मागणी वाढतच गेली, तो फोन तपासू लागला, तुमचे पैसे अडवू लागला, माहेरी जाण्यावर बंधन घालू लागला किंवा तुम्ही बाहेर पडण्याआधी त्याच्या मूडला घाबरू लागलात, तर तिथे कागद आणि चहा कामाचे नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात फक्त मारहाण नाही, शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही येतो. आपल्याकडे गुजरातेत १८१ वर अभयमची हेल्पलाइन चोवीस तास चालते. आणि तशा वेळी मैत्रिणी अजिबात तोडू नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तो पहिल्या जातीतला वाटतो. एक मात्र तुम्ही लिहिलं नाहीत: त्याचं गाव कुठलं, आणि ऑफिस सोडून बडोद्यात त्याचं स्वतःचं असं कोण आहे?