प्रायोजकाला नकार कळवताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

ऑफर घ्यायची नाही हे ठरलंय. मग उत्तर न देता गप्प राहिलं तर चालेल ना?

नाही. दोन-तीन कामाच्या दिवसांत नकार कळवा. समोरच्याने त्या मोहिमेच्या तारखा आणि रक्कम तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते.

मी कुंड्यांमधल्या बागेचं चॅनल चालवते. गवत कापायच्या पेट्रोल यंत्राची ऑफर आली आहे. यंत्र चांगलं आहे, कंपनीही नीट वाटते, पण माझ्या प्रेक्षकांना त्याचा काय उपयोग? 'सध्या वेळापत्रक भरलेलं आहे' असं लिहिलं तर कुणाचं मन दुखणार नाही, असं वाटतं.

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे इतक्या वेळा आला आहे की आज सविस्तरच लिहिते. माझी हरकत 'सध्या' या एका शब्दाला आहे. तुमच्या मनात त्याचा अर्थ 'नको' असा असतो. वाचणारा मात्र तो 'पुढे कधीतरी' असा वाचतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. तो महिन्याभराने पुन्हा लिहितो, तेव्हा तुम्ही दुसरी सबब शोधता. तिसऱ्या वेळी तो मानधन वाढवतो. आता खरं कारण सांगायला गेलात तर ते रकमेसाठी घासाघीस केल्यासारखं दिसतं, कारण पहिल्या पत्रात त्याचा उल्लेखच नव्हता. त्यात मधल्या काळात तुम्ही एखाद्या कुंड्या बनवणाऱ्या कंपनीचा प्रायोजित व्हिडिओ टाकलात, तर भरलेलं वेळापत्रक खोटं होतं हे त्यांना तुमच्याच चॅनलवर दिसतं. मन दुखू नये म्हणून लिहिलेल्या वाक्यानेच मन दुखावतं.

खरं कारण तुमच्याकडे आहे आणि त्यात कुणाचाही अपमान नाही. तेच लिहा. तुमच्या बाबतीत पत्र साधारण असं होईल :

> विषय : गवत कापणी यंत्राच्या प्रायोजकत्वाचा प्रस्ताव
>
> नमस्कार,
>
> आपलं पत्र आणि यंत्राची माहिती मिळाली. माझ्या चॅनलचा विचार केल्याबद्दल आभार.
>
> हा प्रस्ताव मी स्वीकारू शकत नाही. माझे बहुतेक प्रेक्षक गॅलरीत किंवा गच्चीवर कुंड्यांमध्ये झाडं लावतात. यंत्राने कापावं इतकं गवत त्यांच्याकडे नसतं, त्यामुळे हे उत्पादन त्यांच्या उपयोगाचं नाही. हा निर्णय मानधनामुळे किंवा व्हिडिओच्या स्वरूपामुळे घेतलेला नाही.
>
> कुंडीतल्या बागेसाठीचं एखादं उत्पादन आपल्याकडे असेल, तर त्याचा प्रस्ताव मी स्वतंत्रपणे पाहीन.
>
> कळावे,

आता यातल्या काही जागा पाहा. नकार आभारानंतर लगेच, पहिल्याच वाक्यात येतो. तो तीन परिच्छेदांच्या गोडव्याखाली दडवला, तर घाईत वाचणाऱ्याला तो होकार वाटू शकतो. 'बहुतेक' हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. 'माझ्या एकाही प्रेक्षकाकडे अंगण नाही' असं लिहिलंत, तर ते तुमच्याच व्हिडिओखालची एखाद्या अंगणवाल्याची कॉमेंट दाखवतील आणि वाद सुरू होईल. यंत्राच्या दर्जाबद्दल पत्रात चांगलं-वाईट काहीच नाही. ते चांगलं आहे असं तुम्हाला वाटत असलं, तरी तुम्ही ते वापरून पाहिलेलं नाही, आणि पत्रातलं कौतुकाचं वाक्य उचलून जाहिरातीत छापलं जाऊ शकतं.

मानधनाबद्दलचं वाक्य गाळू नका. नकार म्हणजे भाव वाढवण्याची खूण, असं समजणारे लोक या धंद्यात पुष्कळ आहेत. ते वाक्य पुढचे चार ईमेल वाचवतं. कुंडीतल्या उत्पादनाचं वाक्य मात्र तुम्हाला तसा प्रस्ताव खरोखरच हवा असेल तरच ठेवा. निव्वळ शिष्टाचार म्हणून लिहाल, तर 'सध्या'चीच गोष्ट पुन्हा घडेल.

एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण पत्र पाठवण्याआधी तुम्ही स्वतःलाच ती विचारायला हवी : प्रेक्षकांबद्दलचा हा अंदाज खरा आहे का? शेवटच्या दहा व्हिडिओंखालच्या कॉमेंट वाचून काढा. पाणी साचतं, ऊन कमी मिळतं, कुंडी किती खोल हवी असेच प्रश्न असतील, तर तुमचं कारण पक्कं आहे. मोठ्या बागेचे, कुंपणाचे, वाढलेल्या गवताचे प्रश्न वारंवार दिसले, तर आधी तुमच्यासोबत चॅनल चालवणाऱ्या कुणाशी तरी बोला आणि मगच लिहा.

कारण खरं वाटावं म्हणून ॲनालिटिक्सचे स्क्रीनशॉट जोडू का?

जोडू नका. यूट्यूब स्टुडिओमधल्या प्रेक्षकांच्या टॅबमध्ये वय, लिंग, देश, प्रेक्षक कोणत्या वेळी यूट्यूबवर असतात, अशी माहिती दिसते. प्रेक्षकाकडे अंगण आहे की गॅलरी, हे तिथे कुठेच कळत नाही. म्हणजे तुमचा मुद्दा त्या चित्राने सिद्ध होत नाहीच, उलट चॅनलची आतली माहिती विनाकारण बाहेर जाते. नकाराला पुरावा लागत नाही, एक स्पष्ट वाक्य पुरतं.

मित्र म्हणतो, नकार देऊ नकोस, तिप्पट मानधन माग. ते आपणच माघार घेतील.

आणि त्यांनी मान्य केलं तर? हा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि दर वेळी सांगणाऱ्याने तो आणखी कुणाकडून तरी ऐकलेला असतो. रक्कम सांगणं म्हणजे 'या रकमेला मी काम करीन' असा लेखी प्रस्ताव देणं. समोरून होकार आला, की न पटणारं उत्पादन दाखवा किंवा शब्द फिरवा, एवढंच तुमच्या हातात उरतं. तसं पत्र आधीच गेलं असेल आणि त्यांचा होकारही आला असेल, तर पुढचं उत्तर स्वतः लिहू नका. करारांचं काम करणाऱ्या वकिलाला सगळे ईमेल दाखवा.

नकार कळवला. आता एजन्सी म्हणते, व्हिडिओत काही बोलू नका, यंत्र फक्त मागे ठेवा आणि वर्णनात लिंक द्या. ही जाहिरातच नाही म्हणे, त्यामुळे प्रेक्षकांना सांगायचीही गरज नाही.

ही युक्ती जुनी आहे आणि मला तिचा राग येतो, कारण यात फसवला जातो तो प्रेक्षक आणि उत्तर द्यावं लागतं चॅनलवाल्याला. मोबदला घेऊन वस्तू मागे ठेवली, तरी तो सशुल्क प्रचारच होतो. यूट्यूबचा नियम असा, की अशा व्हिडिओच्या तपशिलात सशुल्क प्रचाराच्या चौकटीवर खूण करावी लागते. मग व्हिडिओच्या सुरुवातीला 10 सेकंद तशी सूचना प्रेक्षकाला दिसते. शिवाय देशोदेशीचे जाहिरातीचे कायदे वेगळे असतात. तुम्हाला कोणता लागू होतो ते जाणकाराकडून समजून घ्या.

दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा लहान असावं : 'उत्पादन माझ्या प्रेक्षकांच्या उपयोगाचं नाही, त्यामुळे ते कोणत्याही स्वरूपात दाखवणार नाही. माझा आधीचा निर्णय कायम आहे.' नवी कारणं देऊ नका. प्रत्येक नवं कारण म्हणजे त्यांना खोडायला दिलेली नवी जागा.

मी आधी 'छान, करूया' असं लिहिलं होतं. पत्ताही दिला. आता खोकं दारात आहे आणि उत्पादन चॅनलला शोभणारं नाही हे लक्षात आलंय.

खोकं उघडू नका, वापरू तर अजिबात नका. आहे तसा फोटो काढा आणि आजच लिहा. उद्या नको. इथे नमुन्यातलं पत्र जसंच्या तसं चालणार नाही, कारण तुम्ही होकार दिला होता आणि तो तुमच्या लिखाणात आहे. तो मान्य करा : 'मी घाईने होकार कळवला, त्याबद्दल दिलगीर आहे. माहिती नीट पाहिल्यावर हे उत्पादन माझ्या प्रेक्षकांच्या उपयोगाचं नाही असं लक्षात आलं. खोकं न उघडता ठेवलं आहे, ते कसं परत न्यायचं ते कळवा.'

सही केलेला करार नाही म्हणून काहीच बांधिलकी नाही, असं गृहीत धरू नका. काम, रक्कम आणि तारीख ईमेलवर ठरली असेल, तर तेवढ्यानेही करार झाला असं मानलं जाऊ शकतं. या तिन्हींपैकी काहीही ठरलं असेल, किंवा आगाऊ रक्कम खात्यात आली असेल, तर दिलगिरीचं पत्रही आधी वकिलाला दाखवा.

आपण किती तत्त्वनिष्ठ आहोत हे कळावं म्हणून नाकारलेली ऑफर व्हिडिओत वाचून दाखवू का?

नको. ते पत्र तुम्हाला लिहिलेलं होतं आणि बहुधा त्याखाली गोपनीयतेची अट आहे.

सभ्यपणे नकार कळवला, तर उत्तर आलं : 'निदान आमचा प्रस्ताव वाचा.' सोबत पासवर्ड लावलेली झिप फाइल आणि पासवर्ड ईमेलमध्येच. उघडू का?

उघडू नका, आणि या ईमेलला उत्तरही देऊ नका. गप्प राहणं योग्य आहे ते फक्त इथे. फाइलला पासवर्ड लावण्यामागे अनेकदा हेतू असतो तो ईमेल सेवेच्या व्हायरस तपासणीला आत डोकावता येऊ नये हा. आतली फाइल कागदपत्रासारखी दिसते, पण नावाच्या शेवटी .exe किंवा .scr असतं, म्हणजे तो चालणारा प्रोग्रॅम असतो. गूगलच्या सुरक्षा पथकाने ऑक्टोबर 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीत यूट्यूबच्या चॅनलवाल्यांना सहकार्याच्या खोट्या प्रस्तावांनी गाठण्याची हीच पद्धत सांगितली होती. असा प्रोग्रॅम ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकी, म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलेलं आहे हे दाखवणाऱ्या खुणा, चोरतो. त्यामुळे पासवर्ड कितीही कठीण असो आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू असो, चोराला दोन्हींची गरज पडत नाही.

खऱ्या कंपनीला प्रस्ताव ईमेलच्या मजकुरात लिहिता येतो. पाठवणारा खरा आहे का हे पाहायचं असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः जा आणि तिथल्या पत्त्यावर विचारा, ईमेलमधल्या दुव्यावरून नको. आणि हे वाचण्याआधीच तुम्ही फाइल उघडली असेल, तर तो संगणक आत्ता इंटरनेटपासून तोडा, दुसऱ्या सुरक्षित यंत्रावरून खात्याची सगळी लॉगिन बंद करा, पासवर्ड बदला आणि तोडलेला संगणक तपासून घेईपर्यंत पुन्हा जोडू नका. तो तपासण्याचं काम घरी करू नका, जाणकाराकडे न्या.