प्राध्यापकांना पाठभेदाबद्दल पत्र लिहिण्याआधी

तुमचा मसुदा वाचला. ‘१ तीमथ्य ३:१६ मध्ये मूळ शब्द कोणता?’ एवढंच विचारलंत, तर त्यांना अख्खं प्रकरण लिहावं लागेल. आधी ग्रीक नव्या कराराच्या नेस्ले-आलांद संपादनाच्या २८व्या आवृत्तीत त्या वचनाखालच्या तळटिपा बघा आणि काय सापडलं ते पत्रात दोन ओळींत सांगा.

इथला फरक एका बारीक रेघेचा आहे. ओमिक्रॉन-सिग्मा ही दोन ग्रीक अक्षरं म्हणजे ‘जो’. ओमिक्रॉनच्या पोटात आडवी रेघ आली की त्याचा थीटा होतो, आणि वर आणखी एक रेघ दिली की तेच ‘देव’ या शब्दाचं संक्षिप्त रूप. सिनाइटिकस या जुन्या हस्तलिखितात मुळात ‘जो’ आहे, ‘देव’ ही दुरुस्ती बऱ्याच नंतरची. बहुसंख्य उत्तरकालीन हस्तलिखितांत मात्र ‘देव’च आहे. व्हॅटिकनस या हस्तलिखिताबद्दल विचारूच नका. त्यात तीमथ्याला लिहिलेलं हे पत्रच उरलेलं नाही, आणि असा प्रश्न आला की तयारी नाही हे लगेच कळतं.

खरा प्रश्न अलेक्झांड्रिनस या हस्तलिखिताचा. तिथली रेघ मूळ नकलकाराची, नंतरच्या हाताची, की वेटस्टाइन या अभ्यासकाने अठराव्या शतकात म्हटलं तशी पानाच्या मागच्या अक्षराची उमटलेली? म्हणून असं लिहा: ‘ही रेघ नंतरची आहे हे शाईवरून ठरवतात की अक्षराच्या वळणावरून? पान झिजलेलं असताना त्यावर किती विसंबावं?’ एवढंच विचारा. धर्मसिद्धान्ताचा वाद या पत्रात नको. तुम्ही विचारताय ते हस्तलिखिताबद्दल.